नवतपात टाकलेला स्लॅब

पोस्ट मोठी आहे. पण या महिन्यात ज्यांच्या घराचा स्लॅब पडायचा आहे, त्यांनी पूर्ण वाचा. बाकीच्यांनी आपल्या ओळखीत कोणाचं बांधकाम सुरू असेल त्याला दाखवा.

गेल्या आठवड्यात रात्री नऊ वाजता मी मावशीच्या घरकुलाच्या स्लॅबवर उभा होतो. हातात दूध डेअरीवाल्याकडून उसना आणलेला थर्मामीटर. मिक्सरमधून उतरलेल्या मालात तो खुपसला तर पारा ३३ वर थांबला. दिवसा त्याच गावात ४४ अंश होतं. मिस्त्री माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, "भाऊ, मालाला ताप आला का?"

ताप आला होता तो सात वर्षांपूर्वी, माझ्या स्वतःच्या घरी. तेव्हा थर्मामीटर नव्हता आणि अक्कलही नव्हती.

आपल्याकडे स्लॅब मे महिन्यातच का पडतात हे सगळ्यांना माहीत आहे. पावसाच्या आधी डोक्यावर छत हवं. शेतीची कामं थांबलेली असतात म्हणून मजूर मिळतो. लग्नं उरकलेली असतात. म्हणजे वर्षातला सगळ्यात वाईट महिना आपण निवडतो, आणि तो निवडण्याशिवाय पर्यायही नसतो. मी मे महिन्याला दोष देत नाही. दोष वेळेचा आहे, आणि ती आपल्या हातात असते.

माझा स्लॅब साधारण सहाशे चौरस फुटांचा. सकाळी नारळ फोडला, पूजा झाली, मजुरांचा नाश्ता झाला, मिक्सर सुरू व्हायला सव्वादहा वाजले. गिट्टी आणि रेती आठ दिवसांपासून रस्त्यावर उन्हात पडलेली. पाणी काळ्या टाकीतलं, नळ सोडला की हात भाजावा असं. सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटांवर अनवाणी पाय ठेवता येत नव्हता. वारा सुटला होता, तो कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. दीड वाजता जेवणाची सुट्टी झाली, तासभर मिक्सर बंद. चार वाजता काम संपलं. मी सगळ्यांना आइस्क्रीम वाटलं आणि फेसबुकवर फोटोही टाकला. जुन्या मित्रांना आठवत असेल.

तीनच्या सुमारास मी वर गेलो होतो. सकाळी टाकलेल्या भागावर भेगा दिसल्या. कोणी चाकूने चिरावं तशा, तिरप्या, हातभर लांब, एकमेकींना जवळपास समांतर, दीड-दोन फुटांच्या अंतरावर. काहींत पन्नास पैशाचं नाणं उभं शिरलं असतं. ठेकेदाराला दाखवलं. तो म्हणाला, "काही होत नाही भाऊ, उन्हात असंच राहते." मिस्त्रीने कोरडं सिमेंट भुरभुरवलं, पाणी शिंपडलं, थापीने पुसून घेतलं. भेगा दिसेनाशा झाल्या. मला बरं वाटलं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात खालच्या खोलीच्या छताला तपकिरी ओल्या रेघा उमटल्या. त्याच तिरप्या. आणि एक रेघ मात्र सरळ, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पहिल्या रेघा उन्हाच्या होत्या. सरळ रेघ जेवणाच्या सुट्टीची होती. हे मला पुढे कळलं. त्या वर्षी आणि नंतरच्या वर्षी मिळून वॉटरप्रूफिंगवर अठ्ठावीस हजार गेले, आणि एका कोपऱ्यात अजूनही दर श्रावणात बुरशी येते.

कळलं ते एका काकांकडून. निवृत्त शाखा अभियंता आहेत, पूल आणि कालवे यांवर आयुष्य काढलेले. सकाळच्या फिरण्यात ओळख झाली. मी मोबाइलमधले जुने फोटो दाखवले. त्यांनी फोटो नीट बघायच्या आधी तीनच गोष्टी विचारल्या. भेगा त्याच दिवशी दिसल्या की महिन्यांनी? सळयांच्या रेषेत आहेत का? स्लॅबच्या कडेपर्यंत पोचतात का?

मी म्हटलं, त्याच दिवशी. सळयांशी संबंध नाही. कडेच्या अलीकडेच संपतात.

"मग तुमचा स्लॅब तहानेने फाटला," काका म्हणाले.

त्यांचं म्हणणं असं. माल टाकून रंधा मारला की जड गिट्टी-रेती खाली बसते आणि थोडं पाणी वर येतं. म्हणून पृष्ठभाग चकाकतो. हे पाणी वर येण्याचा एक वेग असतो, आणि ऊन-वारा ते उडवून नेण्याचाही एक वेग असतो. जोवर वर येणारं पाणी जास्त, तोवर चकाकी टिकते आणि काही बिघडत नाही. उडणारं पाणी जास्त झालं की चकाकी जाते, वरचा थर आकसायला लागतो. खालचा थर आकसत नाही, तो त्याला धरून ठेवतो. माल त्या वेळी ओल्या मातीसारखा असतो, ताणायची ताकद शून्य. मग तो फाटतो. आपल्या काळ्या जमिनीला भेगा पडतात त्याच जातीचं हे प्रकरण, फक्त जमिनीला महिने लागतात आणि स्लॅबला दोन-तीन तास.

सळयांच्या बरोबर वर, सरळ चौकटीसारख्या भेगा पडल्या तर कारण वेगळं असतं. तिथे माल सळईच्या दोन्ही बाजूंनी खाली बसलेला असतो. आणि सहा महिन्यांनी येणाऱ्या भेगांची गोष्ट आणखी वेगळी. पण मे महिन्यात, त्याच दुपारी, तिरप्या आणि कडेला न पोचणाऱ्या भेगा दिसल्या तर दुसरं कारण शोधत बसू नका.

मी पत्रकार माणूस, आकडा मिळाल्याशिवाय समाधान होत नाही. पाणी किती उडतं याचं एक सूत्र अभियंते वापरतात. त्यात चार गोष्टी लागतात : हवेचं तापमान, मालाचं तापमान, हवेतला दमटपणा आणि वारा. काकांनी माझ्या स्लॅबचा दिवस त्यात बसवला. हवा ४३ अंश, माल ४० धरला, दमटपणा १५ टक्के, वारा ताशी २० किलोमीटर. उत्तर आलं, दर चौरस मीटरमागे तासाला अडीच लिटर. अभियंत्यांच्या हिशेबात तासाला एक लिटर ही धोक्याची खूण मानतात. माझ्या पूर्ण स्लॅबवर अडीच लिटरने दर तासाला १४० लिटर पाणी हवेत गेलं. लग्नात वीस लिटरचे जार ठेवतात ना, तसे सात जार. तासाला. आणि आम्ही खाली आइस्क्रीम खात होतो.

मग त्यांनी तोच स्लॅब रात्री बसवला. हवा ३०, माल ३१, दमटपणा ४० टक्के, वारा ताशी ८. उत्तर, ०.६ लिटर. सातऐवजी पावणेदोन जार. सिमेंट तेच, मिस्त्री तोच, पैसा तोच. फक्त घड्याळ बदललं.

इथे माझी एक समजूत होती ती काकांनी मोडली. मला वाटायचं, रात्री नको तर पहाटे चारला सुरू करावं, नऊपर्यंत संपतं. ते म्हणाले, टाकताना गार वाटेल, पण टाकलेला माल नऊ ते तीन कुठे असतो? सगळ्यात नाजूक तासांत तो भर उन्हात उघडा पडतो. शिवाय सिमेंट घट्ट होताना स्वतः गरम होतं, ती गरमी आणि दुपारची गरमी एकत्र येते. संध्याकाळी सुरू केलं तर पहिली दहा-बारा तासांची कोवळी वेळ रात्रीत जाते. सकाळी ऊन येईपर्यंत स्लॅब कडक झालेला असतो आणि त्याच्यावर ओलं अंथरूण घालता येतं.

आता मावशीच्या घरकुलाकडे येतो.

मावशी माझ्या गावापासून चार किलोमीटरवर राहते. काका गेले, मुलगा पुण्यात कंपनीत. घरकुल मंजूर झालं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार मिळतात, टप्प्याटप्प्याने. एक टप्पा झाला की फोटो जिओटॅग होऊन वर जातो आणि पुढचा हप्ता सुटतो. फोटोत स्लॅब दिसतो. तो दुपारी बाराला पडला की रात्री आठला, नंतर त्याला पाणी मिळालं की नाही, हे फोटोत दिसत नाही. आणि स्लॅब फाटला तर दुसऱ्यांदा टाकायला योजनेत पैसे नाहीत. माझं अठ्ठावीस हजारांत भागलं, कारण मला पगार आहे. मावशीजवळ त्यातले आठही निघाले नसते.

स्लॅब तीनशे चौरस फुटांचा. बीम धरून तीस पोती सिमेंट. एका पोत्याच्या मिक्सरवर तीन तासांचं काम. म्हणजे साडेसहाला सुरू केलं तर दहाच्या आत आवाज बंद, शेजाऱ्यांची तक्रार नाही.

मिस्त्री आधी तयारच नव्हता. रात्री कुठे स्लॅब पडतो, बल्ब कोण लावणार, मजूर जास्त मागतील, चुकून कोणी प्लेटेवरून पडला तर? शेवटचा मुद्दा खरा होता. म्हणून जिन्याजवळ आणि चारही कोपऱ्यांवर फोकस लावले, शेजारच्याकडून जनरेटर सांगून ठेवला, कडेने दोर बांधला. मजुरांना माणशी शंभर रुपये जास्त आणि रात्रीचं जेवण ठरलं. जेवण काम संपल्यावर. जेवणासाठी मिक्सर थांबणार नाही, ही अट मी घातली. माझ्या छतावरच्या सरळ रेघेचा फोटो मिस्त्रीला दाखवला. उन्हाळ्यात आधीचा पट्टा तासाभरात इतका घट्ट होतो की नवा माल त्याला चिकटतच नाही, नुसता टेकून बसतो. पाणी बरोबर तिथून वाट काढतं.

खरी तयारी आदल्या दिवशीपासूनची. इथे काकांनी मला एक हिशेब शिकवला, तो मला सगळ्यात जास्त आवडला. एका पोत्याच्या मालात ५० किलो सिमेंट, साधारण अडीचशे किलो गिट्टी-रेती आणि तीसेक लिटर पाणी. म्हणजे वजनात तीन हिस्से गिट्टी-रेतीच. माल गरम असतो तो मुख्यतः तिच्यामुळे. उन्हातली गिट्टी ५० अंश, टपरीच्या पत्र्याखालचं सिमेंट ४५, काळ्या टाकीतलं पाणी ४२, असं मिसळलं की माल ४७ अंशांचा होतो. भारतीय मानकाच्या, आयएस ७८६१ च्या, भाषेत ४० अंशांच्या वरचं काम म्हणजे उष्ण हवामानातलं काँक्रीट. आपण तर त्याच्याही सात पायऱ्या वर मिक्सर सुरू करतो.

उलट गिट्टी-रेती ३४ वर आणली, सिमेंट सावलीत ३६, पाणी विहिरीचं २७, तर माल ३२ च्या आसपास उतरतो. बर्फाची लादी लागत नाही.

गिट्टी ३४ वर कशी आणायची? तुमच्या घरातला कूलर करतो तशीच. ढिगावर नर्सरीवाल्याची हिरवी नेट बांधली, आदल्या दिवशी आणि त्या दिवशी दुपारी दोनदा पाणी शिंपडलं. आपली हवा कोरडी आहे, वाळ्यातून पाणी उडतं आणि खोली गार होते, तसं गिट्टीवरून पाणी उडतं आणि गिट्टी गार होते. जी कोरडी हवा स्लॅबची वैरी, तीच इथे फुकटात कामाला येते. दमट कोकणात हा उपाय इतका चालणार नाही.

बर्फाबद्दलही विचारतात लोक. चालतो. मावशीच्या कामाला मिळून आठशे लिटर पाणी लागलं. ते दहा अंशांनी उतरवायचं तर ८० किलो बर्फ लागला असता. पण पाणी मालाच्या वजनात दहाव्या हिश्श्याएवढंच, त्यामुळे फायदा मर्यादित. बर्फ टाकलाच तर ड्रममध्ये पूर्ण विरघळू द्या, खडा मालात गेला तर नंतर तिथे भोक राहतं. आधी गिट्टी सावलीत आणा, मग बर्फाचं बोला.

आणि शिंपडलेलं पाणी हिशेबात धरा. ओल्या रेतीत पोत्यामागे सहज चार लिटर पाणी आधीच असतं. तीस लिटरचा हिशेब असेल तर मिक्सरमध्ये सव्वीसच घालायचं. आम्ही रंगाचा एक डबा मोजून खूण करून ठेवला होता. मिक्सरवाल्याला पाइप हातात दिलाच नाही.

याचं कारण सांगतो. उन्हात माल पटकन घट्ट होतो, घमेल्यातून पडत नाही, फळीखाली सरकत नाही. वरून आवाज येतो, "पाणी मार!" आणि कोणीतरी अर्धी बादली ओततो. माझ्या स्लॅबला किती बादल्या गेल्या देवाला ठाऊक. तीस लिटरच्या जागी चाळीस लिटर झालं की काँक्रीटची ताकद साधारण तिसऱ्या हिश्श्याने जाते. ती परत येत नाही, वरून कितीही दिवस पाणी मारा. शिवाय जास्तीचं पाणी म्हणजे पुढे वाळताना जास्तीचं आकसणं. मालच गार असला तर तो घट्ट व्हायला वेळ घेतो आणि बादलीची हाक येतच नाही. मावशीच्या स्लॅबवर ती हाक दोनदा आली. दोन्ही वेळा मिक्सर लांब होता म्हणून घमेली हळू येत होती. एक माणूस वाढवला, काम झालं.

सहा वाजता प्लेटा आणि सळया पाण्याने भिजवल्या. लोखंड दिवसभर तापलेलं असतं, त्यावर माल पडला की खालून पाणी चटकन आटतं. मात्र साचलेलं पाणी फडक्याने टिपून घेतलं. पश्चिमेकडून वारा येतो, त्या बाजूला बल्ल्यांना हिरवी नेट उभी बांधली. मला ती शोभेची वाटत होती. पण सूत्रात वाऱ्याचा वाटा मोठा आहे. माझ्या स्लॅबच्या दिवशी बाकी सगळं तसंच राहून वारा २० चा १० झाला असता, तर अडीच लिटरचे दीड लिटर झाले असते.

माल पट्ट्या-पट्ट्याने टाकला, अरुंद पट्टे, म्हणजे दुसरा पट्टा पहिल्याला लवकर भेटतो. व्हायब्रेटर, फळी, लाकडी रंधा. आणि मग माझ्या मते या सगळ्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा अर्धा तास, ज्यात आपल्याकडे कोणीच काही करत नाही. रंधा मारून झाला की मिस्त्री पुढे सरकतो आणि मागचा भाग उघडा राहतो. आम्ही एक पोरगा फक्त मागच्या भागासाठी ठेवला. त्याच्या पाठीवर कपाशीवर मारायचा फवारणी पंप. नवा कोरा पंप, औषधाचा जुना नव्हे. पंपाच्या नोझलने धुकं करायचं, स्लॅबवर धार मारायची नाही, स्लॅबच्या वरच्या हवेत धुकं सोडायचं. चकाकी टिकली पाहिजे, पाणी साचता कामा नये. आणि रंधा झालेल्या पट्ट्यावर पंधरा-वीस मिनिटांत पांढरा प्लॅस्टिक कागद. कडेला विटा ठेवून दाबून, कारण खालून वारा शिरला तर कागद असून नसल्यासारखा.

साडेनऊच्या सुमाराला एका कोपऱ्यात दोन बारीक भेगा आल्याच. तिथे कागद उडाला होता आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या पोटात गोळा आला. मिस्त्री सिमेंटचं पोतं उघडायला निघाला. काकांना फोन लावला. ते म्हणाले, "कोरडं सिमेंट अजिबात नको. माल अजून मऊ आहे का बघा. अंगठा दाबा." अंगठा उमटला. "मग लाकडी रंध्याने जोर देऊन ठोका, नुसतं पुसू नका. भेग खालपासून मिटली पाहिजे, वर साय धरून चालणार नाही." मिस्त्रीने ठोकून घेतलं, वर धुकं मारलं, कागद ओढला. भेगा मिटल्या आणि परत आल्या नाहीत. माझ्या घरी ही संधी होती, पण आम्ही त्यावर सिमेंटची पावडर लावली.

घट्ट झाल्यावर भेग दिसली तर हा उपाय संपला. तेव्हा ती खाचून, साफ करून, योग्य माल भरून बंद करावी लागते, आणि जाणकाराला दाखवून. अशा भेगेने घर पडत नाही, उगाच घाबरू नका, भार सळया आणि बाकीचं काँक्रीट घेतं. पण पातळ स्लॅबमध्ये ती आरपार जाऊ शकते, आणि दर पावसाळ्यात पाणी सळईपर्यंत पोचतं. सळई गंजली की फुगते आणि खालचा प्लास्टर-थर पडायला लागतो. हे दहा-पंधरा वर्षांनी होतं, म्हणून कोणी त्याचा संबंध त्या दुपारशी जोडत नाही.

सकाळी सहाला मी परत गेलो. कागद काढला, स्लॅब ओलाच होता. त्यावर ओलं बारदान अंथरलं, वर पुन्हा तोच कागद. आता खरी अडचण पाण्याची. गावात दोन दिवसांआड टँकर येतो. नेहमीसारखी आळी करून दोन इंच पाणी भरून ठेवायचं तर पहिल्याच भरण्याला चौदाशे लिटर लागतात, आणि उघडं पाणी रोज उडून जातं ते वेगळंच. मावशीने थेट विचारलं, "बापू, मी प्यायला पाणी आणू का छताला पाजू?"

म्हणून आळी केलीच नाही. बारदान आणि वर कागद असला की पाणी उडत नाही, सकाळ-संध्याकाळ आणि दुपारी एकदा कडा उचलून बारदान भिजवायचं, दिवसाला शंभर-सव्वाशे लिटरमध्ये भागतं. धुण्या-भांड्याचं नको, साबण आणि खारट पाणी टाळायचं. आणि एक गोष्ट काकांनी तीनदा बजावली : बारदान वाळू द्यायचं नाही. एक दिवस ओलं, एक दिवस कोरडं, हे न भिजवण्यापेक्षा फार बरं नसतं, कारण पृष्ठभाग दर वेळी फुगतो आणि आकसतो. भर दुपारी तापलेल्या उघड्या स्लॅबवर बर्फासारखं गार पाणी ओतणंही तसंच.

किती दिवस? आपल्याकडे मिस्त्री सात म्हणतात. आयएस ४५६ उष्ण-कोरड्या हवेत किमान दहा म्हणतो, आणि राखमिश्रित सिमेंट असेल तर चौदापर्यंत न्यावं असं सुचवतो. दुकानात मिळणाऱ्या पोत्यावर पीपीसी लिहिलेलं बघा, बहुतेक तेच असतं. म्हणजे चौदा.

आज बारावा दिवस आहे. मावशी दुपारी एकला डोक्यावर पदर घेऊन शिडीने वर जाते, मी नको म्हटलं तरी. काल तिने फोन करून सांगितलं की शेजारणीची दोन बारदानं वाऱ्याने उडून आली, ती परत देऊ का वापरू. मी म्हटलं, देऊन टाक, तिचाही स्लॅब रविवारी आहे.

तिचा मिस्त्रीही तोच. संध्याकाळी साडेसहाची वेळ ठरली आहे. त्याने मला विचारलं, तो डेअरीवाल्याचा थर्मामीटर पुन्हा मिळेल का.